दरमहा खावटी की एकरकमी तडजोड : म्हापशातील एका घटस्फोटाचा हिशेब

हे प्रकरण माझ्याकडे आलेल्या काही सारख्या प्रकरणांतून एकत्र बांधले आहे. नावे कल्पित आहेत आणि हिशेब समजावा म्हणून आकडे गोल केले आहेत. पत्नीला मीनल म्हणू, पतीला प्रसाद. दोघांची माहेर-सासरची घरे सावंतवाडी तालुक्यातली. लग्न सावंतवाडीतच झाले, वैदिक पद्धतीने. प्रसादला वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत नोकरी लागली म्हणून दोघे गोव्यात आले आणि म्हापशात फ्लॅट घेतला. लग्नाला तेरा वर्षे झाली होती, मुलगी अकरा वर्षांची होती आणि दोघे दीड वर्ष वेगळे राहत होते. घटस्फोट दोघांनाही हवा होता, अडले होते ते पैशांवर. प्रसादची तयारी होती २२ लाख एकदाच देऊन मोकळे होण्याची. मीनलच्या भावाचे म्हणणे होते ३५ लाखांच्या खाली यायचे नाही. मीनलला स्वतःला दरमहा पैसे हवे होते, कारण एवढी मोठी रक्कम सांभाळता येईल याची तिला खात्री नव्हती.

पहिल्या भेटीत तिने विचारलेला प्रश्न पोटगीचा नव्हता. ती म्हणाली, "वकीलबाई, फ्लॅट त्यांच्या नावावर असला तरी अर्धा माझाच ना? गोव्यात तसंच असतं म्हणे."

या एका प्रश्नावर पुढची सगळी बोलणी अवलंबून होती, म्हणून तिथेच थोडे थांबते.

अर्धा वाटा कोणाचा

गोव्यात हिंदू विवाह कायदा लागू झालेला नाही. १९६१ नंतर पोर्तुगीज काळातली नागरी संहिता आणि १९१० चा घटस्फोटाचा कायदा पुढे चालू राहिले. गोव्याचे मूळ रहिवासी असलेले जोडपे लग्नापूर्वी वेगळा करार न करता नागरी नोंदणीने लग्न करते, तेव्हा दोघांची मालमत्ता सामाईक होते आणि प्रत्येकाचा अर्धा वाटा असतो. फ्लॅट कोणाच्या नावावर आहे, पैसे कोणी भरले, याने त्यात फरक पडत नाही. घटस्फोटानंतर हा वाटा इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याच्या न्यायालयीन कारवाईत वेगळा काढला जातो. गरजू जोडीदाराला निर्वाहाची रक्कम तिथेही मागता येते, पण ती या वाट्याखेरीज असते. अशा प्रकरणात नवऱ्याने "एकरकमी पोटगी" म्हणून देऊ केलेले पैसे अनेकदा बायकोच्या स्वतःच्या अर्ध्या हिश्श्याहूनही कमी निघतात. गोव्यातल्या प्रत्येक स्त्रीने तडजोडीच्या कागदावर सही करण्याआधी हे तपासलेच पाहिजे, असे मला अगदी मनापासून वाटते.

मीनलचे प्रकरण मात्र वेगळे होते. लग्न महाराष्ट्रात झालेले आणि गोव्यात नागरी नोंदणी नाही. दोघांचे मूळ अधिवासस्थान महाराष्ट्र. नोकरीसाठी गोव्यात राहिल्याने, इथे मतदार यादीत नाव आल्याने लग्नाची मालमत्ता आपोआप सामाईक होत नाही. त्यामुळे तिच्या नात्याला हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू होत होता. त्या कायद्यात नवऱ्याच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये बायकोचा आपोआप अर्धा वाटा नसतो. लग्न सावंतवाडीत लागलेले असल्याने त्या कायद्याच्या कलम १९ नुसार अर्ज तिथल्या न्यायालयात करता येत होता आणि आम्ही तसेच करायचे ठरवले.

हे ऐकून तिचा चेहरा उतरला. फ्लॅटची किंमत ६२ लाख होती आणि कर्ज १९ लाख बाकी, म्हणजे फेड वजा जाता ४३ लाख. गोव्याच्या कायद्याखाली त्यातले साडेएकवीस लाख तिचे हक्काचे झाले असते. आता तीच रक्कम तिला पोटगी म्हणून, वाटाघाटीतून मिळवायची होती. मी तिला सांगितले की फ्लॅट घेताना तिने मोडलेले दागिने आणि माहेरून आलेले स्त्रीधन यांची यादी वेगळी ठेवायची, ते पोटगीत मिसळू द्यायचे नाही. स्त्रीधन तिचेच आहे. ते परत देण्याला "तडजोडीची रक्कम" म्हणणे मला मान्य नाही.

दरम्यान तिच्या हातात काहीतरी यावे म्हणून म्हापशाच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली अर्ज केला होता. आज त्याच तरतुदीला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ म्हणतात. हा कायदा गोव्यातही चालतो, लग्न कुठल्या कायद्याखाली झाले आहे याची अट नाही. त्यात अंतरिम १५,००० रुपये खावटी मिळत होती, तिच्यासाठी आणि मुलीसाठी मिळून. बोलणी सुरू असताना हा आधार नसता तर २२ लाखांवर सही करण्यावाचून तिच्यापुढे दुसरा मार्ग उरला नसता.

रक्कम ठरते कशावरून

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायमच्या पोटगीची रक्कम ठरवताना न्यायालय दोघांचे उत्पन्न आणि मालमत्ता, दोघांची वागणूक आणि प्रकरणाची इतर परिस्थिती पाहते. ती एकरकमी असू शकते किंवा अर्जदाराच्या हयातीपर्यंत दरमहा वा ठरावीक काळाने. हवे तर देणाऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवून ती सुरक्षितही करता येते. कायद्यात टक्केवारी कुठेच नाही. लोक "पगाराचा एक चतुर्थांश" म्हणतात, त्याचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालात आहे. तिथे पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य मानली गेली, पण त्याच निकालात पतीने दुसरे लग्न केले होते आणि मूल झाले होते म्हणून २३,००० चे २०,००० केले गेले. तेव्हा २५ टक्के हे सुरुवातीचे माप धरावे, नियम धरू नये.

खरे काम सुरू होते ते निव्वळ पगार म्हणजे काय, इथे. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानंतर दोन्ही पक्षांना उत्पन्न, खर्च, मालमत्ता आणि देणी यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. प्रसादने त्यात हातात येणारा पगार ७८,००० दाखवला. पगारपत्रक समोर ठेवले तेव्हा दिसले की त्यातून १८,००० रुपये ऐच्छिक भविष्य निर्वाह निधीत जात होते आणि १६,००० रुपये कर्मचारी सोसायटीच्या कर्जाचा हप्ता होता. ते कर्ज दोघे वेगळे झाल्यानंतर चार महिन्यांनी घेतलेले. आयकर आणि सक्तीची वजावट सोडली तर अशी स्वतःहून केलेली वजावट न्यायालय सहसा उत्पन्नातून कमी करत नाही, कारण तो माणूस आपलीच बचत वाढवत असतो. म्हणजे हिशेबाचा पगार ७८ नव्हे, १,१२,००० होता. शिवाय फ्लॅटचा २४,००० चा हप्ता होता. त्याबद्दल त्याच्या वकिलांचे म्हणणे होते की तोही वजा करा. पण त्या हप्त्याने वाढत होती ती त्याच्याच नावावरची मालमत्ता. आम्ही एवढेच मान्य केले की फ्लॅट विकला नाही तर त्याच्या हातात उरणारी रक्कम खरोखर कमी असेल, आणि मासिक रकमेचा विचार करताना ते लक्षात घ्यावे.

मीनलच्या बाजूनेही काही लपवायचे नव्हते. ती बी.कॉम. होती. मुलगी झाली तेव्हा सासूबाईंच्या आजारपणामुळे तिने पतसंस्थेतली नोकरी सोडली. आता म्हापशात दोन दुकानांचे हिशेब लिहून महिन्याला १४,००० मिळवत होती. तिला म्हटले गेले, "शिकलेली आहे, कमवेल." पण दहा वर्षे नोकरीबाहेर राहिलेल्या बाईला त्या जागेवर परत कोणी घेत नाही. ती त्या पतसंस्थेतच राहिली असती तर आज तिचा पगार किती असता, हे आम्ही तिच्याबरोबर लागलेल्या एका सहकारी महिलेच्या पगारपत्रकावरून दाखवले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये पोटगी ठरवण्याच्या ज्या बाबी पुन्हा एकत्र सांगितल्या, त्यात घरासाठी सोडलेली नोकरी ही स्वतंत्र बाब आहे. त्या सोबत दोघांचा सामाजिक-आर्थिक दर्जा, सासरी असलेले राहणीमान, मुलांच्या गरजा, दोघांचे शिक्षण आणि पतीच्या जबाबदाऱ्या येतात. प्रसादची जबाबदारी खरी होती. त्याची आई त्याच्याकडेच होती आणि तिच्या औषधांना दरमहा पैसे लागत. तेवढे आम्ही वाद न घालता मान्य केले.

त्याच महिन्यात आलेल्या आणखी एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की पोटगी म्हणजे दोघांची संपत्ती सारखी करण्याचे साधन नव्हे. नवरा वेगळे झाल्यानंतर श्रीमंत झाला म्हणून बायकोला त्या नव्या श्रीमंतीचा वाटा मागता येत नाही. ती जगत होती त्या दर्जाने तिला जगता यावे, एवढे बघितले जाते. मीनलच्या भावाचा ३५ लाखांचा आकडा शेजारच्या कुणाला तेवढे मिळाले म्हणून आला होता, आणि असा आकडा न्यायालयापुढे टिकत नाही.

वागणुकीचा मुद्दा आम्ही लांबवला नाही. दोघांनीही परस्परांवर वीस पानी आरोप केले होते, पण परस्पर संमतीच्या घटस्फोटात ते मागे घ्यायचेच होते.

हे सगळे मिळवून माझा अंदाज असा निघाला: मीनलसाठी दरमहा २०,००० आणि मुलीसाठी वेगळे १२,०००. एकूण ३२,००० म्हणजे त्याच्या हिशेबाच्या पगाराच्या २५ टक्क्यांहून थोडे अधिक. मुलीची शाळा, तेरा वर्षांचा संसार आणि सोडलेली नोकरी पाहता तेवढे मागणे योग्य होते.

दरमहा २०,००० म्हणजे एकदम किती

इथे बहुतेक जण अंदाजाने बोलतात. नवरा म्हणतो २२, बायको म्हणते ३५, आणि मध्यस्थ मधला आकडा काढतात. त्यापेक्षा मासिक रकमेची आजची किंमत काढणे सोपे आहे.

प्रसाद ४२ वर्षांचा होता आणि ६० व्या वर्षी निवृत्त होणार होता, म्हणजे त्याच्या पगाराची अठरा वर्षे बाकी. वर्षाला २,४०,००० रुपये अठरा वर्षे मिळणार असतील आणि हातात आलेली रक्कम मुदत ठेवीत सात टक्क्यांनी वाढेल असे धरले, तर आज साधारण २४ लाख असले की तेवढे पैसे निघतात. पण २०,००० ची किंमत अठरा वर्षांनी तीच राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका प्रकरणात दरमहा ५०,००० रुपये ठरवताना दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ देण्याचा आदेश दिला, महागाई लक्षात घेऊन. अशी वाढ धरली तर आजची किंमत साडेअठ्ठावीस लाखांच्या आसपास जाते.

उलटा हिशेबही मी मीनलला कागदावर दाखवला. २२ लाख घेऊन दर महिन्याला २०,००० काढत गेली, तर सात टक्के व्याजाने ते साधारण पंधरा वर्षांत संपतात. दर दोन वर्षांनी पाच टक्के जास्त काढायचे म्हटले तर बारा वर्षांतच संपतात, म्हणजे तिच्या पन्नाशीला. ती ३८ वर्षांची होती.

आता निवडीकडे येऊ. दरमहा खावटीत रक्कम पुढे वाढवून मागता येते, पैसा एकदम उडून जात नाही, आणि नवऱ्याचा पगार वाढला तर त्याचा काही भाग मुलांपर्यंत पोहोचू शकतो. पण त्यात दर महिन्याला त्याच्यावर अवलंबून राहावे लागते. त्याने थांबवले की अंमलबजावणीची दरखास्त, पगारावर जप्ती. निर्वाहाच्या हुकुमनाम्यात पगाराचा एक तृतीयांश भागच जप्तीपासून सुरक्षित राहतो, त्यामुळे पगारदार माणसाकडून वसुली होते. पण नोकरी सोडलेल्या, परदेशी गेलेल्या माणसाकडून ती वर्षानुवर्षे रखडते. मासिक रक्कम करपात्र उत्पन्न आहे, एकरकमी रक्कम भांडवली असल्याने करपात्र नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९८० च्या दशकातच म्हटले आहे. मीनलचे उत्पन्न इतके कमी होते की कराचा फारसा फरक पडत नव्हता, मोठ्या रकमांत मात्र तो विचारात घ्यावा लागतो.

प्रसादचे एक बोलणे मात्र मला निर्णायक वाटले. त्याच्या मनात हैदराबादच्या एका कंपनीचा प्रस्ताव होता. राज्याबाहेर जाणाऱ्या, नोकरी बदलणाऱ्या माणसाकडून मीनलने महिन्याच्या महिन्याला पैसे वसूल करत राहायचे, हे मला पटत नव्हते. शिवाय फ्लॅट विकायला तो तयार होता. त्यामुळे त्याच्याकडे एकदम देण्याइतके पैसे येणार होते. मी सुचवले की मीनलचे पैसे एकरकमी आणि मुलीचे दरमहा, असे दोन भाग करू. मुलीची गरज वाढत जाणार आहे, तिचे पैसे एका आकड्यात बांधून टाकणे योग्य नाही.

फ्लॅटच तिला द्यावा, असाही विचार झाला. पण १९ लाखांचे कर्ज तिच्या १४,००० च्या उत्पन्नावर बँक चालू ठेवणार नव्हती. दुसरे म्हणजे फ्लॅट घटस्फोटाच्या अर्जाचा विषय नसेल, तर केवळ तडजोडीच्या हुकुमनाम्याने तो तिच्या नावावर होत नाही. वेगळा दस्त नोंदवावा लागतो आणि त्यावर मुद्रांक शुल्क येते. म्हणून विक्रीच ठरली.

अटी कशा लिहिल्या

बोलणी तीन बैठकांत झाली. मीनलचा भाऊ, ज्याला ती दादा म्हणते, शेवटच्या बैठकीत म्हणाला, "पैसे माझ्या नावावर ठेव, माझ्या गाडीच्या धंद्यात लावले तर दुप्पट होतील." मी त्याला स्पष्ट सांगितले की ही रक्कम तिच्या म्हातारपणाची आहे, ती तिच्याच खात्यात जाणार. तडजोडीच्या अटींत तिचा खाते क्रमांकच लिहून घेतला. अशी रक्कम माहेरच्या धंद्यात आणि नातेवाईकांच्या उधारीत दोन-तीन वर्षांत संपलेली मी पाहिली आहे, आणि तेव्हा तिला परत न्यायालयात जाण्याचा मार्ग जवळजवळ बंद झालेला असतो.

शेवटी २७ लाखांवर बोलणी थांबली. साडेअठ्ठावीस लाखांपेक्षा हे कमी आहे, पण हप्ते आणि वसुलीची दगदग टळली. ५ लाखांचा डिमांड ड्राफ्ट परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा कलम १३-ब खालचा अर्ज दाखल होताना, आणि २२ लाख दुसऱ्या जबाबाच्या दिवशी न्यायालयासमोर. अर्ज आणि दुसरा जबाब यांच्यामध्ये कायद्याने ठेवलेल्या सहा महिन्यांत फ्लॅट विकायचा होता. हा काळ न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आहे, पण इथे विक्रीसाठी तो आम्हाला हवाच होता. दुसऱ्या जबाबापर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून सगळी रक्कम आधी घेऊ नये आणि सगळी मागाहूनही ठेवू नये. हुकुमनामा झाल्यावर "पुढच्या वर्षी देतो" असे राहिलेले पैसे वसूल करायला पुन्हा वेगळी दरखास्त करावी लागते.

अटींच्या शब्दांवर मी सर्वात जास्त वेळ घालवला. मीनल "आपला पोटगीचा हक्क सोडत आहे" असे वाक्य प्रतिपक्षाच्या मसुद्यात होते. ते मी काढून टाकले. मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये असे मानले आहे की संमतीच्या अटींत बायकोने पोटगीचा हक्क सोडला, तरी तेवढ्यामुळे तिचा पुढे कलम २५ चा अर्ज अडत नाही, कारण असे हक्क सोडणे सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे. म्हणजे काहीच न देता हक्क सोडल्याचे वाक्य नवऱ्यालाही संरक्षण देत नाही. त्याऐवजी आम्ही लिहिले की न्यायालयाने दोघांची प्रतिज्ञापत्रे पाहून कलम २५ च्या पोटकलम १ खाली मीनलची कायमची पोटगी म्हणून २७ लाख ही एकरकमी रक्कम ठरवावी. ती पूर्ण मिळाली आहे आणि तिच्या सर्व निर्वाहाच्या दाव्यांपोटी आहे. कलम १२५ चा अर्ज ती मागे घेईल. असा आदेश असला की प्रसादला तिच्या बाजूने पुन्हा अर्ज येण्याचा धोका बराच कमी होतो. तिच्यासाठी एक वाक्य घातले: प्रतिज्ञापत्रात न दाखवलेली मालमत्ता पुढे उघड झाली तर हा आदेश बंधनकारक राहणार नाही.

मुलीचे १२,००० रुपये वेगळ्या परिच्छेदात, तिच्याच नावाने, दर दोन वर्षांनी दहा टक्के वाढीसह आणि शाळेची फी निम्मी निम्मी. तिच्या वतीने कोणीही काही सोडले नाही. आईने आपल्या अटींत लिहून दिले तरी मुलीचा निर्वाहाचा हक्क संपत नाही, म्हणून "पूर्ण आणि अंतिम" हे शब्द मुलीच्या परिच्छेदात येऊ दिले नाहीत.

नंतर काय बदलता येते

दोन वर्षांनी मीनल परत आली. प्रसाद हैदराबादला गेला होता, पगार १,६०,००० झाला होता, आणि मुलगी आठवीत जाणार होती. शिकवणीसह तिचा खर्च महिना २०,००० च्या वर गेला. मीनलने विचारले, "माझ्यासाठी काही मागता येईल का?"

तिच्यासाठी नाही, हेच खरे उत्तर होते. कलम २५ च्या पोटकलम २ प्रमाणे परिस्थिती बदलली तर न्यायालय आदेश बदलू, कमी करू किंवा रद्द करू शकते. ती तरतूद मासिक खावटीत रोज उपयोगी पडते: महागाई, आजारपण, पगारवाढ, नोकरी जाणे, निवृत्ती, नवे मूल. पण पूर्ण दिलेली एकरकमी रक्कम न्यायालय सहसा पुन्हा उघडत नाही. त्याचा पगार वाढला हे तेव्हा ठाऊक नसले तरी अपेक्षित होते, आणि तिने ती अनिश्चितता घेऊनच २७ लाख स्वीकारले होते. काही लपवले गेल्याचा पुरावा असता तर वेगळी गोष्ट होती. त्याच्या मागच्या प्रतिज्ञापत्राशी आम्ही बँकेचे तपशील ताडून पाहिले, तसे काही निघाले नाही. हेच उलट बाजूनेही खरे आहे. उद्या मीनलने पुन्हा लग्न केले तरी हे २७ लाख परत जात नाहीत. मासिक खावटी असती तर पोटकलम ३ खाली प्रसादला ती बंद करण्यासाठी अर्ज करता आला असता. बंद करणे आपोआप होत नाही, न्यायालयाचा आदेश लागतो. तोपर्यंतची थकबाकी देणे त्याच्यावर असते, आपणच थांबवले तर वसुली होते.

मुलीसाठी मात्र कलम २६ खाली अर्ज करता येत होता, आणि मुलांच्या बाबतीतले आदेश वेळोवेळी बदलता येतात. हा अर्ज सावंतवाडीच्याच न्यायालयात केला. जुन्या तक्रारी त्यात लिहिल्या नाहीत, फक्त बदललेले लिहिले: शाळेच्या फीच्या पावत्या, शिकवणीच्या पावत्या, बसचा पास, आणि त्याचा नवा पगार दाखवण्यासाठी नवे प्रतिज्ञापत्र मागितले. बदलाचे अर्ज सर्वात जास्त याच ठिकाणी फसतात. लोक पहिल्या खटल्यातलेच मुद्दे पुन्हा मांडतात आणि न्यायालय विचारते की तेव्हापासून नेमके काय बदलले. प्रसादच्या बाजूने सांगितले गेले की हैदराबादला घरभाडे जास्त आहे. ते खरे होते आणि न्यायालयाने ते धरलेही. १२,००० चे १८,००० झाले, अर्ज केल्याच्या तारखेपासून.

पहिल्या तीन महिन्यांचा फरक त्याने भरला नाही. हिंदू विवाह कायद्याखालचा आदेश हुकुमनाम्याप्रमाणे अमलात आणता येतो, म्हणून दरखास्त केली आणि त्याच्या कंपनीला पगार जप्तीची नोटीस गेली. पैसे त्याच आठवड्यात आले. मीनलला मी एवढेच सांगितले की दर महिन्याची नोंद वहीत ठेवायची, थकले तर वर्षभर वाट बघायची नाही. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाखालच्या खावटीत तर एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज न केल्यास त्या थकबाकीसाठी वॉरंट मिळत नाही.